फडतरे साहेबांचा पत्ता

आटगावच्या औद्योगिक पट्ट्यात कुंडलिक भेरे यांचा तुसाच्या कांड्या करण्याचा कारखाना होता. आसपासच्या भातगिरण्यांतून तूस विकत घ्यायचं, वाळवायचं, यंत्रात दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या काढायच्या आणि बॉयलर असलेल्या कारखान्यांना कोळशाऐवजी जळण म्हणून विकायच्या, असा तो धंदा. यंत्राजवळ अकरा माणसं आणि ऑफिसात तीन. तिघांपैकी एक कुंडलिकशेठ स्वतः, दुसरा त्यांचा पुतण्या ओमकार आणि तिसरी देवकी निमसे. देवकी किन्हवलीची. बी.कॉम. झाल्यावर शहापुरात कॉम्प्युटरचा कोर्स करून ती इथं लागली होती आणि २००७ साली तिला तिथं चौथं वर्ष चालू होतं. पत्रव्यवहार, कोटेशन आणि नव्या गिऱ्हाइकांचा पाठपुरावा ही कामं तिच्याकडे होती.

जानेवारीत मुरबाडला बॉयलरवाल्यांचा एक मेळावा झाला. शेठ आणि देवकी दोघं गेले होते. तिथं आदेश फडतरे नावाचे गृहस्थ त्यांच्या टेबलाशी बराच वेळ थांबले. मुरबाड एमआयडीसीतल्या तरंगिणी प्रोसेसर्स या कापड रंगवणाऱ्या कारखान्याचा बॉयलर त्यांच्याकडे होता. त्यांनी कांडी हातात घेतली, मोडून पाहिली, वास घेतला.

"राख किती पडते?" त्यांनी विचारलं.

"तूस आहे, साहेब. राख पडणारच," शेठ म्हणाले. "शंभर किलोमागं अठरा-वीस किलो धरा."

"बरं झालं खरं सांगितलंत. बाकीचे पाच सांगतात." फडतऱ्यांची कार्डं संपली होती. त्यांनी देवकीच्या डायरीत स्वतःच्या हातानं नाव आणि ई-मेलचा पत्ता लिहिला. "लॅबचा रिपोर्ट आला की त्याच्यासकट रेट पाठवा. आमचं बॉयलरचं तेल बंद करायचं चाललंय."

रिपोर्ट ठाण्याहून यायला पाच आठवडे लागले. वीस फेब्रुवारीला सकाळी देवकीनं कोटेशन टाइप केलं, रिपोर्ट स्कॅन करून जोडला आणि मेल पाठवला. दोन मिनिटांत मेल परत आला.

ओमकार खुर्ची ओढून तिच्यामागं येऊन बसला. "काय गो, परत आला?"

"हो."

"बॉक्स भरला आसंल त्यांचा."

"भरलेला नाय. भरला असता तर तसं लिहून आलं असतं, मग दोन दिवसांनी परत पाठवता आला असता. ह्याच्यात लिहिलंय की असा माणूस आमच्याकडे नाय." तिनं पडद्यावरची ओळ बोटानं दाखवली. "आणि हे उत्तर तरंगिणीच्याच सर्व्हरनं दिलंय. म्हणजे कंपनीचं नाव बरोबर लिहिलंय. आधीचा भाग, माणसाचा, तो तिकडं नाय."

तिनं डायरी उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. फडतऱ्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं, चुकीला जागा नव्हती. तिनं कंपनीची वेबसाइट उघडली. तिच्यावर चौकशीचा एक सर्वसाधारण पत्ता आणि ऑफिसचा फोन नंबर, एवढंच होतं.

"सोपं हाय," ओमकार म्हणाला. "पयलं नाव, आडनाव, नुसतं आडनाव, मधी टिंब घाल, नको घालू. धा-बारा पत्ते व्हतील. सगळ्यांवर सोड. जो परत नाय येनार तो बरोबर."

"परत नाय आला म्हणजे त्यांनाच पोचला असं नाय होत. काही कंपन्या कुठल्याही नावाचं पत्र घेऊन ठेवतात, कोणी वाचत नाय. आणि दुसऱ्याच कुणाचा पत्ता निघाला तर? रेट आहेत त्यात आपले." ती थांबली. "आणि त्यांनी मला एक पत्ता दिला, ओमकार. बारा नाय दिले."

"मग माझी सीडी हाय की. लॅमिंग्टन रोडवरची. धा हजार पर्चेस मॅनेजरांचे पत्ते हायत तिच्यात."

"त्यांना कुणी विचारलं होतं का, सीडीत घालू का म्हणून?"

ओमकार हसला. तेवढ्यात शेठ आत आले. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण त्या महिन्यात एक जुनं गिऱ्हाईक सुटलं होतं आणि शेडमध्ये माल पडून होता. ते म्हणाले, "तुमी दोघं आपापल्या परीनं बघा. पण फडतरे साहेब हातचा जाता कामा नये." आणि ते यंत्राकडे निघून गेले. पुढं जे झालं त्याला हे वाक्य कारण झालं, असं त्यांनीच नंतर कबूल केलं.

देवकीनं अकराच्या सुमारास तरंगिणीच्या ऑफिसला फोन लावला. फोनवर जना सासे म्हणून ऑपरेटर होत्या, आवाजावरून पन्नाशीच्या.

"नमस्कार. मी देवकी निमसे, आटगावच्या भेरे ब्रिकेट्समधून बोलते. आम्ही बॉयलरचं जळण विकतो. जानेवारीच्या मेळाव्यात फडतरे साहेबांनी मला त्यांचा ई-मेल दिला होता, रेट पाठवा म्हणाले होते. आज पाठवला तो परत आला. म्हणून फोन केला."

"फडतरे साहेब आता इथं नाहीत."

"रजेवर आहेत का?"

"इथं नाहीत, एवढंच सांगू शकते. त्यांचा दुसरा नंबर मागू नका, तो देता येत नाही."

"नको, मागत नाही," देवकी म्हणाली. "मला फक्त एवढं विचारायचंय, बॉयलरच्या जळणाचं आता कोण बघतं? त्यांना विचारून सांगाल का, की आम्ही एक पत्र पाठवलं तर चालेल का, आणि चालत असेल तर कुठल्या पत्त्यावर? नको म्हणाले तर नको. मग आम्ही पाठवणार नाही."

सासेबाईंनी बहुधा लिहून घेतलं असावं, कारण त्यांनी कारखान्याचं नाव पुन्हा विचारलं. "उद्या तीननंतर फोन करा. विचारून ठेवते."

देवकीनं डायरीत फडतऱ्यांच्या पत्त्यावर एक रेघ मारली. शेजारी 'बंद, २० फेब्रु.' असं लिहिलं आणि कॉम्प्युटरमधल्या यादीतूनही तो काढला.

ओमकार तेव्हा शहापूरला गेला होता. तरंगिणीच्या गेटवर त्याच्या ओळखीचा एक वॉचमन होता. गेटच्या केबिनमध्ये, अपघात झाला तर घरी कळवता यावं म्हणून, सगळ्या स्टाफच्या घरच्या नंबरांची यादी टांगलेली असे. नवी यादी अजून लागायची होती, म्हणून जुनीवर फडतऱ्यांचं नाव होतं. ओमकारनं वॉचमनला मोबाइलवर गाठलं, साहेबांनी काम सोडल्याचं त्याच्याकडून कळलं, आणि त्यांच्या मुरबाडच्या घरचा नंबर घेतला. दीड वाजता तो ऑफिसात आला. देवकी बाहेर हातपंपावर डबा धूत होती. त्यानं ऑफिसच्याच फोनवरून नंबर फिरवला.

देवकी आत आली तेव्हा तो फोनकडे बघत बसला होता.

"काय झालं?"

"काय नाय."

"ओमकार, काय झालं?"

मग त्यानं सांगितलं. फोन फडतऱ्यांच्या बायकोनं उचलला होता. माल विकणाऱ्याला घरचे लोक काही सांगत नाहीत, म्हणून त्यानं थाप मारली होती की, मी कंपनीतूनच बोलतोय. साहेबांनी काम सोडल्यापासून त्यांचे मेल परत जातात, त्यांचा नवा पत्ता हवाय.

"मग?"

"ती म्हनली, काम सोडलं? म्हनली, सकाळीच डबा घेऊन गेले की कामावर." ओमकारनं तोंडावरून हात फिरवला. "मंग मी ठेवला फोन."

देवकी खुर्चीवर बसली. ओले हात तिनं पुसले नव्हते.

शेठना बोलावलं. त्यांनी उभ्यानंच सगळं ऐकलं आणि पुतण्याला असं काही बोलले की यंत्राजवळची माणसं आत डोकावली. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "झालं ते झालं. आता कोनी काय बोलू नका. त्यांना काय म्हायती फोन कोनाचा व्हता."

"साहेब संध्याकाळी घरी जातील," देवकी म्हणाली. "त्यांना काहीच माहीत नसंल, आणि घरात पाऊल टाकतील."

"मंग काय करनार? परत त्याच नंबरावर फोन करनार तू?"

तो नंबर त्यांनी दिलेला नव्हता. तो वापरून माफी मागणं म्हणजे बाईंना दुसऱ्यांदा फोन करणं. सासेबाईंमार्फत निरोप द्यावा, तर कंपनीभर बोभाटा. दुसरा रस्ता तिला दिसत नव्हता. सहाच्या एसटीनं ती घरी गेली, जेवली, भावाच्या मुलीचा गृहपाठ घेतला. मुलीनं दोनदा विचारलं, आत्या, तू ऐकतेस ना? आपण सगळं नीट केलं होतं, हे तिला माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ऑफिसचा फोन वाजला.

"मी आदेश फडतरे. काल दीड वाजता या नंबरवरून माझ्या घरी फोन आला होता. आमच्या फोनवर नंबर दिसतो. कोण बोलतंय?"

"साहेब, मी देवकी. भेरे ब्रिकेट्स, आटगाव. आपली मेळाव्यात भेट झाली होती."

"अच्छा," ते म्हणाले. "कांड्या."

ओमकार समोरच होता. तो मानेनं नाही नाही करत होता. देवकीनं नजर टेबलावर ठेवली.

"साहेब, फोन आमच्याकडूनच झाला. तुम्हाला पाठवलेला मेल परत आला, म्हणून आमच्या माणसानं तुमच्या घरचा नंबर ओळखीतून काढला. आणि कंपनीतून बोलतो असं खोटं सांगितलं. ते चूक होतं. नंबर काढणं पण आणि सांगणं पण."

पलीकडून मागं कुठंतरी स्टोव्हची घरघर आणि एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. ते बाहेरून, कुठल्यातरी बूथवरून बोलत असावेत.

"एकतीस जानेवारीला मला कमी केलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं, असं देवकी पुढं म्हणायची. "कल्याणला दोन ठिकाणी बोलणी चालली होती. एक जरी झालं असतं, तर सांगणार होतो. नोकरी गेली आणि नोकरी लागली, एकाच दमात सांगायचं होतं मला तिला."

"साहेब..."

"तिनं काल दरवाजा उघडला आणि हातातला डबा घेतला. रिकामा आहे का बघितलं. जेवणं झाल्यावर म्हणाली, रोज कुठं बसून जेवत होता?"

देवकीनं विचारलं, "आम्ही काय करू शकतो?"

"काही नाही. नंबर खोडा."

"खोडलाय. शेठना सांगते मी. त्यांना यायचं असेल तर येऊ देत का तुमच्याकडे? नको म्हणालात तर नाही येणार."

"माझ्यासाठी नको. पण तिला वाटतंय कंपनीतल्या कुणीतरी मुद्दाम केलं. येऊन तिला सांगा, कोण होतं ते. पत्ता घ्या लिहून." आणि त्यांनी पत्ता सांगितला. हा पत्ता त्यांनी स्वतः दिलेला होता. देवकीनं तो वाचून दाखवला. त्यांनी 'बरोबर' म्हटलं आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर ओमकार म्हणाला, "तू माझं नाव नाय घेतलंस."

"तू स्वतः घे. संध्याकाळी जायचंय."

त्या दिवशी तीन वाजता तरंगिणीला फोन करायचा की नाही, यावर शेठ आणि देवकी यांच्यात थोडं बोलणं झालं. आता कुठल्या तोंडानं, असं शेठना वाटत होतं. देवकी म्हणाली, "आपण विचारून ठेवा म्हटलंय. त्या बाई विचारून बसल्या असतील. नको असेल तर नको म्हणून सांगू, पण फोन तर करायला पाहिजे." तिनं तीन वाजून दहा मिनिटांनी फोन केला.

"हां, आटगाव ना?" सासेबाई म्हणाल्या. "आता बॉयलर मेंगाळ मॅडमकडे आहे. संजीवनी मेंगाळ. त्यांना विचारलं मी. म्हणाल्या, एक मेल पाठवा म्हणावं, बघते. पत्ता घ्या." त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. देवकीनं प्रत्येक अक्षर शब्द जोडून परत म्हटलं, एम मुंबईचा की एन नाशिकचा, मध्ये टिंब की खाली रेघ. सासेबाईंना कंटाळा आला नाही. उलट त्या म्हणाल्या, "पहिलीच आहात हो तुम्ही, परत वाचून दाखवणाऱ्या."

मेलमध्ये देवकीनं रेट घातले नाहीत. पाच-सहा ओळी लिहिल्या. आम्ही कोण, तुमचा पत्ता सासेबाईंनी तुम्हाला विचारून दिला, फडतरे साहेबांनी जानेवारीत जळणाची माहिती मागितली होती. हा पत्ता बरोबर आहे का, आणि हे काम तुमच्याचकडे आहे का, एवढं कळवावं. नसेल किंवा नको असेल तर तसं कळवा, पुन्हा लिहिणार नाही. मेल परत आला नाही. पण तेवढ्यावर तिनं 'बरोबर' अशी खूण केली नाही. डायरीत तारीख, 'सासे, फोनवर' आणि पुढं 'उत्तर यायचं' असं लिहून ठेवलं.

संध्याकाळी शेठ, ओमकार आणि देवकी जीपनं निघाले. किन्हवली वाटेतच होतं. तिथं देवकी उतरली. शेठ म्हणाले, "तू पन चल की. तुला ओळखतात ते."

"नको, शेठ. त्यांनी तुम्हाला बोलावलंय. त्यांच्या घरात आणखी एक परकं माणूस कशाला."

जीप सरळगावच्या रस्त्याला लागली. मुरबाडला काय झालं, ते शेठनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, थोडक्यात. बाईंनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. पाणी दिलं. आणि ओमकारकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "तुमीपण कंपनीतूनच आलात का?"

ओमकार उभा राहिला आणि म्हणाला, नाही, मी भेरे ब्रिकेट्सचा, कंपनीचा कधीच नव्हतो, मी खोटं बोललो. फडतरे खिडकीशी उभे होते. बाई म्हणाल्या, "तुमी खोटं बोललात म्हणून मला खरं कळलं. पण ते तुमच्याकडून नव्हतं कळायला पाहिजे." नंतर त्यांनी दोघांना चहा विचारला नाही आणि ते निघाले. गाडीत बसल्यावर ओमकार म्हणाला, "काका, त्या वॉचमनकडनं नंबर घेतला ते पन कंपनीला सांगावं लागंल." शेठ म्हणाले, "हां."

संजीवनी मेंगाळ यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. पत्ता बरोबर आहे. तांत्रिक बाजू माझ्याकडे, रेट खरेदी विभागाकडे जातात, त्यांचा पत्ता खाली दिला आहे, त्यांना प्रत पाठवा. उष्मांक, राख आणि ओलावा यांचे आकडे हवेत. देवकीनं दोन्ही पत्ते उतरवून घेतले, कोटेशन आणि रिपोर्ट पाठवला. आठवड्यानं भेटीला बोलावणं आलं.

मेंगाळ मॅडम तिशीच्या आतल्या होत्या, टोकावड्याकडच्या एका पाड्यातल्या. डिप्लोमा करून तरंगिणीत फडतऱ्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढलेल्या. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि राखेच्या आकड्याखाली पेन्सिलनं रेघ मारली. मग फाइल बंद केली.

"साहेबांनी सांगितलं मला. त्यांच्या घरी फोन केला तो तुमच्याचकडचा ना?"

शेठनी घसा साफ केला, पण देवकी आधी बोलली. "हो. आमच्याचकडचा."

"आणि सासेमावशीकडून मला विचारून घेतलं ते?"

"ते पण आमच्याचकडचं. मी."

मेंगाळ मॅडमनी पेन्सिल फाइलवर ठेवली. "मी साहेबांकडूनच सगळं शिकले. त्यांची खुर्ची मला मिळाली, तेव्हा मलाच त्यांच्या घरी जाऊन सांगावंसं वाटत होतं. गेले नाही. त्यांचं त्यांनी सांगायचं होतं."

नंबर कुठून मिळाला ते शेठनी सांगितलं. ओमकारनं लिहून दिलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला. मॅडमनी तो वाचून खिशात घातला. पुढच्या महिन्यात गेटवरची यादी केबिनमधून उचलून ऑफिसच्या कपाटात गेली. वॉचमनला ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

मार्चमध्ये एका ट्रकभर कांड्यांची चाचणी झाली. राख अपेक्षेपेक्षा जास्त पडली, शंभरामागं एकवीस किलोपर्यंत, आणि ती काढायला रोज एक माणूस जास्त लागला. तरीही तेलापेक्षा स्वस्त पडत होतं. तरंगिणीनं पूर्ण नाही, पण निम्मं जळण कांड्यांवर आणायचं ठरवलं. महिन्याला चार ट्रक. शेठना आठ हवे होते.

ओमकार आपण होऊन विक्रीतून बाजूला झाला आणि भातगिरण्यांतून तूस गोळा करायचं काम त्यानं घेतलं. गिरणीवाल्यांशी समोरासमोर बोलण्यात तो वाकबगार निघाला. फडतऱ्यांना एप्रिलमध्ये कल्याणच्या नव्हे, बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. हे मेंगाळ मॅडमकडून कळलं. त्या कारखान्यालाही बॉयलर होता. शेठनी विचारलं, "त्यांचा पत्ता मागू या का मॅडमकडं?"

"नको," देवकी म्हणाली. "त्यांच्याकडे आपला आहे."

फडतऱ्यांचं पत्र आलं नाही. वर्षभर नाही, आणि नंतरही नाही.